गावच्या घराला सोलर: ऑन-ग्रिड, ऑफ-ग्रिड की हायब्रिड? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नोकरी आणि घर शिरूर, पुरंदर, भोर, जुन्नर अशा तालुक्यात, आई-वडील तिकडे राहतात आणि लाईटचा काही भरवसा नाही, अशी घरं आपल्याकडे खूप आहेत. सोलर लावायचं ठरलं की पहिला घोळ होतो तो प्रकार कुठला घ्यायचा याचा. लोक परत परत जे विचारतात तेच खाली घेतलंय. सगळं फक्त घराबद्दल आहे, शेतीच्या पंपाचं गणित वेगळं असतं.

ऑन-ग्रिड लावलं की दुपारी लाईट गेली तरी घर चालू राहील ना? ऊन तर असतंच.

नाही राहणार, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर महावितरणच्या लाईनचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बघूनच चालतो, ती गेली की तोही दोन सेकंदांच्या आत बंद होतो. डोक्यावर कडक ऊन, पॅनल एकदम स्वच्छ, तरी घरातला एक बल्बही लागत नाही. हा बिघाड नाहीये, तसा नियमच आहे. कारण लाईट बंद करून वायरमन खांबावर चढलेला असतो, तेव्हा तुमच्या छपरावरचा करंट उलटा लाईनमध्ये गेला तर त्याच्या जिवावर बेतेल.

अजून एक, लाईट परत आल्या आल्या इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही. निदान एक मिनिट लाईन स्थिर आहे का ते बघतो, काही मॉडेलमध्ये सेटिंगप्रमाणे पाच मिनिटंही लागतात. म्हणजे दुपारभर लाईट ये-जा करत असेल तर कागदावर अर्धा तासच गेलेली दिसते, पण सोलरचा त्यापेक्षा जास्त वेळ वाया गेलेला असतो.

मग तिन्ही प्रकारांत फरक काय, थोडक्यात सांगा.

ऑन-ग्रिडला बॅटरी नसते. दिवसा बनलेली वीज घरात वापरली जाते, उरलेली लाईनमध्ये जाते आणि नेट मीटरवर जमा होते. ऑफ-ग्रिडमध्ये पॅनल, बॅटरी आणि इन्व्हर्टर यांचं आपलं आपलं जग असतं, लाईनमध्ये वीज देता येत नाही. त्यामुळे बॅटरी भरली आणि घरात वापर नसला की वरचं ऊन फुकट जातं. हायब्रिड दोन्ही करतो, लाईट असताना ऑन-ग्रिडसारखा आणि लाईट गेली की पॅनल आणि बॅटरीवर घरातले ठरवलेले पॉइंट चालवतो. महाग अर्थात तोच, कारण बॅटरी.

निवड करायला सुरुवात कुठून करायची?

कोटेशन मागवायच्या आधी लाईट कधी जाते ते लिहून काढा. किती वेळ जाते यापेक्षा कधी जाते हे महत्त्वाचं आहे, माझ्या मते अर्धा निर्णय तिथेच होतो.

मीटरशेजारी एक वही टांगा आणि घरी जे असतील त्यांना सांगा, लाईट गेली की वेळ लिहायची आणि आली की लिहायची. पंधरा दिवस पुरे, महिनाभर केलं तर फारच उत्तम. मग दोन बेरजा करा: सकाळी ९ ते दुपारी ४ मध्ये एकूण किती तास गेली आणि बाकीच्या वेळात किती. दिवसा गेलेला प्रत्येक तास ऑन-ग्रिडची वीज खातो. रात्री गेलेल्या तासाने सोलरचं एक युनिटही कमी होत नाही, कारण रात्री ते बनतच नाही. रात्रीसाठी तुम्हाला फक्त बॅकअप लागतो आणि साधा बॅकअप सोलरपेक्षा कितीतरी स्वस्तात येतो.

दिवसातलेही सगळे तास सारखे नसतात. आपल्याकडे १ किलोवॅट पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त सकाळी १० ते दुपारी २ मध्येच बनतं. त्या चार तासांत रोज लाईट जात असेल तर ऑन-ग्रिड अर्धंच काम करणार. तेच चार तास संध्याकाळी ६ ते १० जात असेल तर सोलरला काहीच फरक पडत नाही.

आमचं घर गावठाणात आहे. गुरुवारी दिवसभर लाईट नसते आणि अधूनमधून संध्याकाळी तास-दोन तास जाते. हायब्रिड घेऊ का?

माझं सरळ मत, घेऊ नका. पुणे भागात मेन्टेनन्सचा वार म्हणजे गुरुवार हे सगळ्यांना माहीतच आहे, तेव्हा त्याचंच गणित मांडू.

समजा महिन्याला १५० युनिट लागतात आणि तुम्ही २ किलोवॅट लावलं. दिवसाला सरासरी ८ युनिट म्हणजे महिन्याला २४० बनले. गुरुवारी १० ते ३ लाईट गेली तर त्या दिवशीचे पाचएक युनिट गेले, महिन्यात चार-पाच गुरुवार म्हणजे २० ते २५ युनिट. एका युनिटचे अगदी १० रुपये धरले तरी महिन्याला २५० रुपये, वर्षाला ३ हजार. हे ३ हजार वाचवायला हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी मिळून लाखभर रुपये जास्त घालायचे का, हे तुम्हीच ठरवा. शिवाय २४० मधून २५ गेले तरी तुमचे १५० आरामात भागतात.

अशा घराला २ किलोवॅट ऑन-ग्रिड आणि त्याच्या जोडीला साधा घरगुती इन्व्हर्टर, एक १५० एएच ट्यूब्युलर बॅटरी, एवढं पुरतं. बऱ्याच घरात इन्व्हर्टर-बॅटरी आधीपासून असतेच, ती काढून टाकायची काही गरज नाही.

असलेला इन्व्हर्टर ऑन-ग्रिडबरोबर जोडताना काय बघायचं?

एकच गोष्ट, पण ती चुकली तर इन्व्हर्टर जळतो. सोलरची वायर मेन डीबीमध्ये, म्हणजे मीटरनंतरच्या मुख्य एमसीबीच्या पेटीत, मीटरच्या बाजूला यायला पाहिजे, म्हणजे घरगुती इन्व्हर्टरच्या आधी. इन्व्हर्टरच्या आउटपुटला, म्हणजे बॅकअपवर चालणाऱ्या पॉइंटच्या वायरिंगला ती कधीही जोडायची नाही.

यावरून हमखास येणारा प्रश्न असा, की लाईट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरचा करंट ऑन-ग्रिडला दाखवला तर त्याला वाटेल लाईन आहे आणि तो सुरू होईल, मग दुपारी फुकट चालेल की सगळं. काही ठिकाणी वायरमन असं करूनही देतात. होतं काय, की पॅनल १५०० वॅट बनवतंय आणि घरात लागतायत २००. वरचे १३०० जाणार कुठे, लाईन तर बंद आहे. ते उलटे घरच्या इन्व्हर्टरमध्ये घुसतात, बॅटरी बेहिशोबी चार्ज होते, नाहीतर इन्व्हर्टरचं कार्ड उडतं. वर चेंजओव्हर नीट नसेल तर करंट बाहेर खांबावर जायची भीती आहेच. असं चालणारे खास बॅटरी इन्व्हर्टर असतात, ते फ्रिक्वेन्सी वाढवून सोलरला आवरतात, पण दुकानातल्या साध्या इन्व्हर्टरला ते जमत नाही. तेव्हा हा जुगाड नकोच.

आमची वस्ती मळ्यात आहे, शेतीच्या फीडरवर. थ्री फेज पाळीने असते, बाकी वेळ सिंगल फेज कधी असते कधी नसते. आम्ही काय लावावं?

हायब्रिड खऱ्या अर्थाने लागतं ते इथे. शिरूर तालुक्यातल्या आमच्या नात्यातल्या एका वस्तीवरच्या घराचं उदाहरण घेतो. घरी दोन म्हातारी माणसं, फ्रिज, टीव्ही, तीन पंखे, पाच-सहा बल्ब, अर्धा एचपीची टाकीची मोटर. रोजचा वापर ५ युनिटच्या आसपास. वही लिहिल्यावर कळलं की दिवसा सरासरी चार तास लाईट जाते, बहुतेक भर दुपारीच, आणि रात्री पण जाते. उसाचा भाग असल्यामुळे बिबट्याची भीती आहे, अंगणातला आणि गोठ्यातला दिवा रात्रभर लागलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही.

तिथे ३ किलोवॅट हायब्रिड आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी, म्हणजे ५१.२ व्होल्ट १०० एएचची, असं ठरलं. भर दुपारी चार तास लाईट गेली तर तेवढ्या वेळात पॅनल साधारण साडेसहा युनिट बनवू शकतं. घरात त्यातलं एक युनिट लागतं. बॅटरी २० टक्क्यांवर असेल तर ती चार युनिट घेते. राहिलेलं दीडेक युनिट बनतच नाही, कारण ते ठेवायला जागा नाही आणि इन्व्हर्टर पॅनलला मागे खेचतो. म्हणजे हायब्रिडही सगळं ऊन वाचवत नाही हे लक्षात ठेवा, पण ऑन-ग्रिडवर ते साडेसहाच्या साडेसहा गेले असते. आणि बॅटरी आधीच भरलेली असेल तर हायब्रिडवरही पाच-साडेपाच जातात! म्हणून अशा घरात इस्त्री, मिक्सर, वॉशिंग मशीन ही कामं दुपारी लाईट गेलेली असताना केलेली बरी. लाईट नाही म्हणून कामं थांबवायची सवय असते, ती उलटी करावी लागते.

वायरिंगमध्ये एक जास्तीचं काम निघतं. हायब्रिडला लाईनचं आणि बॅकअपचं अशी दोन वेगळी आउटपुट असतात. बॅकअपवर जे चालवायचं त्याची वेगळी छोटी डीबी करावी लागते. जुन्या घरात सगळे पॉइंट एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे हा खर्च कोटेशनमध्ये धरलाय का ते आधीच विचारा, नाहीतर बसवायच्या दिवशी वाद होतात.

हायब्रिड लावूनही रात्री लाईट गेल्यावर बॅटरी रिकामी असते, असं कसं?

सेटिंग. बरेच इन्व्हर्टर कंपनीतून येतानाच असे लावलेले असतात, की ऊन गेलं की घर बॅटरीवर चालवायचं, लाईट असली तरी. मग रात्री ११ ला लाईट जाते तेव्हा बॅटरी संपत आलेली असते. नेट मीटर असेल तर संध्याकाळी बॅटरी वापरून फारसा फायदा पण नाही, दिवसा जमा झालेले युनिट तिकडून वळते होतातच. इन्व्हर्टर बॅकअप मोडवर टाका किंवा बॅटरीचा राखीव साठा ७०-८० टक्के ठेवा, म्हणजे लाईट असेपर्यंत बॅटरी त्याच्या खाली उतरणार नाही. आमच्या त्या वस्तीवर रात्रीसाठी ८० टक्के राखीव ठेवलंय. बसवणारा माणूस समोर असतानाच हे करून घ्या आणि ॲपमध्ये कुठे दिसतं ते घरातल्या एकाला शिकवून ठेवा.

बॅटरी केवढी घ्यायची?

लाईट गेल्यावर जे चालू राहिलंच पाहिजे तेवढंच मोजा. दोन साधे पंखे १५० वॅट, तीन बल्ब २७, टीव्ही ६०, वायफाय १०, सगळं मिळून २५० वॅट धरा. सहा तास चालवलं तर दीड युनिट झालं.

१५० एएचची १२ व्होल्ट बॅटरी कागदावर १.८ युनिटची, पण लेड ॲसिड अर्ध्याच्या खाली रोज उतरवली तर लवकर मरते आणि इन्व्हर्टरही थोडी खातो, म्हणजे हातात पाऊण-एक युनिट येतं. दीड युनिटला अशा दोन लागतील. लिथियम ८०-९० टक्क्यांपर्यंत वापरता येते, त्यामुळे अडीच युनिटची घेतली तरी दोन मिळतात. रोज वापर असेल तर लिथियमच परवडते. आठवड्यातून एखादवेळी लागणार असेल तर ट्यूब्युलर ठीक आहे, फक्त डिस्टिल्ड वॉटर बघायला घरात कुणीतरी पाहिजे.

बॅटरी वाढवायच्या आधी पंखे बदला असं मी नेहमी सांगतो. बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, साधा ७५. वरच्या हिशोबात दोन पंखे बदलले की २५० चे १६० होतात आणि सहा तासांना एकच युनिट लागतं.

लाईट जात नाही, पण सोलर दुपारी आपोआप बंद पडतं. इन्व्हर्टर खराब आहे का?

बहुतेक वेळा नसतो. इन्व्हर्टरला २३० व्होल्टच्या ८० ते ११० टक्के, म्हणजे साधारण १८४ ते २५३ व्होल्टमध्येच लाईनला जोडून राहायची परवानगी असते. लाईनच्या टोकाच्या घरात दोन्हीकडून त्रास होतो, मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली जातं आणि तुम्ही वीज बाहेर ढकलायला लागलात की तुमच्याच घरात ते चढतं.

हे चढणं वायरमुळे होतं. समजा खांबापासून घर २०० मीटर आत आहे आणि वायर १० स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियमची आहे. ३ किलोवॅट बाहेर जाताना १३ अँपिअर करंट असतो, आणि जाऊन-येऊन ४०० मीटर वायरमध्ये साधारण १६ व्होल्टचा फरक पडतो. खांबावर २४० असतील तर इन्व्हर्टरला २५६ दिसतात आणि तो बंद होतो. स्क्रीनवर Grid Over Voltage किंवा तशा अर्थाचा मेसेज येतो. लाईटच नसेल तर No Grid किंवा Grid Lost येतं, त्यावरून दोन्ही ओळखता येतात. वर सांगितलेल्या वहीत दुपारी १२ आणि संध्याकाळी ७ चं व्होल्टेजही लिहा, दोनशे-तीनशे रुपयांच्या सॉकेट मीटरवर दिसतं. वायर बारीक असेल तर आधी ती जाड करून घ्या, हायब्रिड घेऊन हा प्रश्न सुटत नाही. लाईन तुटली तरी घरातलं बॅकअपवर चालेल, पण वीज बाहेर जायची थांबलेलीच असेल.

दुकानात ४०-५० हजारांत हायब्रिड मिळतोय म्हणाले. घेऊ का?

बाजारात बॅटरी, पॅनल आणि लाईन अशा तिन्हींवर चालणाऱ्या कुठल्याही इन्व्हर्टरला हायब्रिड म्हणतात. त्यातले बरेच खरं तर ऑफ-ग्रिड पीसीयू असतात. लाईनकडून वीज घेऊन बॅटरी चार्ज करतात, पण लाईनला वीज देऊ शकत नाहीत. त्यावर नेट मीटर मिळत नाही आणि सबसिडीही नाही.

ओळखायचं असं: डेटाशीट मागा आणि त्यात लाईनला वीज पाठवता येते असं स्पष्ट लिहिलंय का बघा. लाईट गेल्यावर तुटण्याच्या चाचणीचं, म्हणजे IEC 62116 चं सर्टिफिकेट आहे का विचारा. दुकानदार याच्यावर गोलमोल बोलायला लागला की तो पीसीयू आहे असं समजा. पीसीयू वाईट असतो असं नाही, पण तो काय आहे ते माहीत असून घ्यावा.

सबसिडी कशावर मिळते?

पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे ३ किलोवॅट किंवा जास्तीला ७८ हजार. अर्ज pmsuryaghar.gov.in वर, घराच्या वीज ग्राहक क्रमांकावरून होतो. सिस्टीम लाईनला जोडलेली पाहिजे आणि पॅनल देशात बनलेल्या सेलचे, ज्याला डीसीआर म्हणतात ते. हायब्रिड चालतो, पण बॅटरीचे पैसे आपले आपल्यालाच. ऑफ-ग्रिडला यातलं काही नाही. आणि ३१ मार्चला उरलेल्या युनिटचा हिशोब आपल्या विकतच्या दरापेक्षा कमी दराने होतो, तेव्हा गरजेपेक्षा फार मोठं लावून उपयोग नाही.

मग ऑफ-ग्रिड कुणी लावायचं?

जिथे कनेक्शनच नाही, किंवा राजगड-भोरच्या डोंगराकडेला जिथे पावसाळ्यात झाड पडलं की चार-पाच दिवस लाईटचं नाव नसतं. अडचण अशी, की लाईट जाते त्याच जुलै-ऑगस्टमध्ये ऊनही नसतं. घाटाकडे त्या दिवसांत १ किलोवॅटला दिवसाला सव्वा-दीड युनिट मिळालं तरी चांगलं म्हणायचं, त्यामुळे ऑफ-ग्रिडचा हिशोब मे महिन्यावरून कधीच करायचा नाही, जुलैवरून करायचा. रोज दीड युनिट लागत असेल तर पॅनल दीड-दोन किलोवॅट आणि बॅटरी तीन ढगाळ दिवसांची, म्हणजे साडेचार युनिट वापरता येईल अशी. उन्हाळ्यात त्यातलं निम्म्याहून जास्त वाया जाणार हे धरूनच चालायचं. लाईट येत-जात का होईना पण कनेक्शन असेल, तर ते तोडून ऑफ-ग्रिडवर जाऊ नका.

मोटर हायब्रिडवर चालेल का?

सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. अर्धा एचपीची टाकीची मोटर ३ किलोवॅट हायब्रिडच्या बॅकअपवर चालते, १ एचपीची इन्व्हर्टरच्या सर्ज रेटिंगवर, म्हणजे तो क्षणभर किती जादा लोड झेलतो त्यावर, अवलंबून आहे. रात्री बॅटरी उतरलेली असताना मोटर लावली तर ओव्हरलोड होऊन सगळंच बंद पडतं. म्हणून ती लाईनच्या बाजूला ठेवा आणि शक्यतो सकाळी ११ च्या पुढे टाकी भरा. विहिरीवरची ३-५ एचपीची मोटर मात्र घरच्या सिस्टीमवर घ्यायचीच नाही, त्यासाठी मागेल त्याला सौर कृषी पंप ही वेगळी योजना आहे आणि तिचे पॅनल पण वेगळे येतात.